फीत, घड्याळ आणि गुणतक्ता

पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये 2024 साली भंडारा जिल्ह्यातील ज्योती गडेरिया सायकलिंगच्या ट्रॅकवर उतरल्या. पॅरालिम्पिकच्या सायकलिंगमध्ये भाग घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांचा वर्ग सी-2. उभ्या सायकलवर शर्यत खेळणाऱ्या दिव्यांगांचे पाच वर्ग असतात: सी-1 मध्ये शरीराची मर्यादा सर्वांत जास्त, सी-5 मध्ये सर्वांत कमी. पण ज्योती ज्या 500 मीटर टाइम ट्रायलमध्ये धावल्या, ती एकट्या सी-2 ची नव्हती. सी-1, सी-2 आणि सी-3 अशा तिन्ही वर्गांच्या महिलांसाठी ती एकच शर्यत होती, सुवर्णपदकही एकच होते.

आता प्रश्न असा की, एकीचा पाय मांडीपासून नाही, दुसरीला मेंदूच्या पक्षाघातामुळे शरीराची एक बाजू साथ देत नाही, तिसरीची अडचण या दोघींहून कमी आहे. घड्याळ तिघींना एकाच मापाने मोजते. मग पहिली कोण?

पॅरा क्रीडेत याचे उत्तर आकडेमोडीने काढले जाते. प्रत्येक वर्गासाठी आधीच ठरवलेल्या गुणकाने किंवा सूत्राने खेळाडूची वेळ किंवा अंतर बदलून घेतात आणि त्या बदललेल्या आकड्यावर एकच यादी लावतात. प्रेक्षकाला मैदानावर जे दिसते आणि फलकावर जे उमटते, त्यात त्यामुळे फरक पडतो. सर्वांत लांब फेकणारी दुसरी येऊ शकते, सर्वांत कमी वेळ घेणारी चौथी. पाहणाऱ्याला हा अन्याय वाटतो. कधी तो खरोखर अन्याय असतोही. तो कधी असतो आणि कधी नसतो हे ओळखायचे तर ही आकडेमोड आतून समजून घ्यायला हवी. ही प्रस्तावना त्याचसाठी आहे.

मुळात वर्ग एकत्र का करावे लागतात? मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण घेऊ. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे बळ गमावलेल्या या सांगलीच्या जवानाने 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले. त्या काळी मणक्याची दुखापत किती वर वा किती खाली झाली, यावरून वर्ग पाडत आणि वर्गागणिक शर्यत वेगळी असे. पेटकर तिसऱ्या वर्गात पोहले आणि त्यांच्या शेजारच्या रांगांमध्ये त्याच वर्गाचे जलतरणपटू होते. तिथे गुणकाची गरजच नव्हती. जो भिंतीला आधी हात लावेल तो पहिला.

पुढे अवयव गमावलेले, मेंदूचा पक्षाघात असलेले, दृष्टिहीन, कमी उंचीचे असे अनेक गट पॅरा क्रीडेत आले, वर्गांची संख्या वाढली आणि नवी अडचण उभी राहिली. एखाद्या वर्गात जगभरातून चारच खेळाडू असतील, तर त्या चौघांसाठी अंतिम फेरी भरवून तीन पदके वाटायची का? आणि नाही भरवायची, तर त्या चौघांनी खेळायचे कुठे? शेजारच्या वर्गात घालून साध्या फितीवर मोजले, तर त्यांचा क्रमांक कधीच लागणार नाही. या कोंडीतून वाट काढण्यासाठी वर्ग एकत्र करायचे आणि कामगिरीला गुणक लावायचा, ही पद्धत रुजली.

सगळ्या एकत्र शर्यतींना गुणक लागतो असे मात्र नाही. सांगली जिल्ह्यातील करगणीचे सचिन खिलारी पॅरिसमध्ये एफ-46 वर्गात 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक विजेते झाले. एका हाताची मर्यादा असलेल्यांचा हा वर्ग. दोन्ही हातांची मर्यादा असलेल्या एफ-45 च्या खेळाडूलाही या स्पर्धेत उतरता येते, पण त्याला कोणतीही सूट मिळत नाही. फीत म्हणेल तेच अंतर. सायकलिंगच्या रस्त्यावरच्या शर्यतीतही तसेच. सी-1 ते सी-3 च्या महिला एकाच वेळी निघतात आणि रेषा ओलांडतील त्या क्रमाने त्यांचे क्रमांक लागतात. पॅरिसमध्ये ही शर्यत सी-3 वर्गाच्या जपानी खेळाडू केइको सुगिउरा यांनी वयाच्या 53 व्या वर्षी जिंकली. म्हणून एकत्र वर्गाची कोणतीही स्पर्धा पाहताना पहिली चौकशी हीच करावी: इथे गुणक आहे की नाही?

गुणकाची सोपी रीत घड्याळाच्या खेळांत वापरतात. खेळाडूने घेतलेल्या वेळेला त्याच्या वर्गाच्या टक्केवारीने गुणायचे. समजा, सी-3 चा गुणक 100 टक्के, सी-2 चा 95 आणि सी-1 चा 90 आहे. (हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत. खरे गुणक आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ ठरवतो आणि वेळोवेळी बदलतो.) 500 मीटरसाठी सी-3 च्या खेळाडूला 40.00 सेकंद लागले, सी-2 च्या खेळाडूला 42.00 आणि सी-1 च्या खेळाडूला 44.60. गुणून पाहिले तर पहिलीचे 40.00 तसेच राहतात, दुसरीचे 39.90 होतात आणि तिसरीचे 40.14. म्हणजे सी-2 ची खेळाडू पहिली, सी-3 ची दुसरी, सी-1 ची तिसरी. प्रत्यक्ष ट्रॅकवर दोन सेकंद मागे असलेली खेळाडू दहा शतांश सेकंदांनी पुढे गेली.

आता गुणक किंचित बदलून बघू. सी-2 साठी 95 ऐवजी 95.3 टक्के धरले, तर 42.00 सेकंदांचे 40.03 होतात. क्रम लगेच उलटतो आणि सुवर्ण सी-3 कडे जाते. टक्क्याच्या तीन दशांशांवर पदक फिरते, आणि गुणकाच्या पद्धतीची खरी नाजूक जागा इथेच आहे. खेळाडू वर्षभर राबून अर्धा सेकंद कमी करते, तर तेवढाच फरक कुठल्याशा तक्त्यातला एक आकडा पाडू शकतो. म्हणून तो आकडा कशावरून आला, हे विचारण्याचा खेळाडूला पूर्ण हक्क आहे.

तो येतो जुन्या निकालांवरून. त्या त्या वर्गातील जगातल्या उत्तम खेळाडूंच्या अनेक वर्षांच्या वेळा घेतात आणि एका वर्गाचा उत्तम खेळाडू दुसऱ्या वर्गाच्या उत्तम खेळाडूच्या तुलनेत किती मागे राहतो, ते काढतात. यामागे एक गृहीतक आहे. दोन्ही वर्गांतील उत्तम खेळाडूंची गुणवत्ता आणि मेहनत सारखीच आहे, आणि त्यांच्या वेळेत जो फरक उरतो तो केवळ शारीरिक मर्यादेचा आहे, असे ते गृहीतक मानते. ज्या वर्गात शेकडो खेळाडू आहेत तिथे ते बऱ्यापैकी खरे उतरते. जिथे मोजके खेळाडू आहेत, तिथे ते डळमळते.

बर्फावरच्या नॉर्डिक स्कीइंगमधल्या छोट्या शर्यतींत हेच गणित शर्यतीच्या आधी केले जाते. ज्याची मर्यादा जास्त तो आधी निघतो, बाकीचे आपापल्या टक्केवारीनुसार ठरलेल्या सेकंदांनी मागून सुटतात. मग रेषा आधी ओलांडणारा तोच विजेता. गणित तेच असते, पण प्रेक्षकाला निकाल डोळ्यांसमोर दिसतो आणि त्यामुळे तो पटतोही.

मैदानी फेकीच्या प्रकारांत मात्र साधा गुणाकार चालत नाही, आणि मराठवाड्याच्या वाचकाला हा भाग अधिक जवळचा वाटेल. हिंगोलीला लागून असलेल्या नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव एफ-34 वर्गात बसून गोळा फेकतात. टोकियोत त्यांनी 7.00 मीटर फेक करून सातवे स्थान मिळवले, तर पॅरिसमध्ये 7.28 मीटरवर त्या पाचव्या आल्या. पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिल यांच्यासोबत तिरंगाही त्यांच्याच हाती होता. बसून फेकण्याची तऱ्हा जवळून पाहिली, की त्यातल्या अडचणी कळतात. लोखंडी फेक-खुर्ची वर्तुळात आणून जमिनीला पट्ट्यांनी घट्ट आवळतात. बैठकीची उंची गादीसह 75 सेंटिमीटरच्या वर चालत नाही. खेळाडूचे पाय आणि मांड्याही पट्ट्यांनी बांधतात. एवढे सोपस्कार प्रत्येक फेकीला नव्याने करणे शक्य नसल्याने एकाच बैठकीत सलग फेकी घेतल्या जातात. नंतर खुर्ची सुटते आणि दुसरी खेळाडू येते. म्हणजे पहिल्यांदा फेकून गेलेल्या खेळाडूला पुढच्यांचे आकडे पाहून जोर लावण्याची संधीच नसते.

अशा स्पर्धेत दोन-तीन वर्ग एकत्र आले, की 2012 च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये वापरलेली रझा गुणपद्धती लावली जाते. तिचे सूत्र एका ओळीत मावते:

```
P = floor(1200 * exp(-exp(b - c*x)))
```

यात x म्हणजे फेकीचे अंतर मीटरमध्ये आणि P म्हणजे गुण. b आणि c हे दोन आकडे प्रत्येक वर्गासाठी, प्रत्येक प्रकारासाठी, स्त्री आणि पुरुष अशा दोघांसाठी वेगवेगळे असतात, आणि तेही जुन्या निकालांवरूनच काढलेले असतात. 1200 हे छत आहे. कितीही लांब फेकले तरी गुण त्यापुढे जात नाहीत. शेवटी येणारे अपूर्णांक सोडून देतात, म्हणून 999.6 आले तरी 999 च धरतात.

ही रेषा सरळ नसून वळणाची आहे, आणि त्यात एक समजूतदारपणा आहे. समजा, एका वर्गासाठी b हा 2.75 आणि c हा 0.89 आहे. 3 मीटर फेकणाऱ्या मुलीला 406 गुण मिळतात, 4 मीटरला 769, 5 मीटरला 999 आणि 6 मीटरला 1113. तिसऱ्या मीटरवरून चौथ्यावर जाताना 363 गुण वाढले, चौथ्यावरून पाचव्यावर 230 आणि पाचव्यावरून सहाव्यावर फक्त 114. नवशिकी मुलगी एका हंगामात एक मीटर वाढवू शकते, तर जगातल्या पहिल्या पाचांत असणाऱ्या खेळाडूला तोच एक मीटर वाढवायला कैक वर्षे लागतात. मग वरच्या मीटरला कमी गुण का, असे वाटेल. कारण असे की, वरच्या टोकाला एखादा खेळाडू अपवादात्मक लांब फेकून गेला, तर साध्या गुणाकारात तो दुसऱ्या वर्गाला कायमचे मागे टाकेल. वळणाची रेषा अशा फेकीला गुण देते, पण तिला बाकीची स्पर्धा संपवू देत नाही. त्याची किंमतही कोणाला तरी मोजावी लागते. शिखरावरच्या खेळाडूने केलेली मोठी सुधारणा गुणांत छोटी दिसते.

आता एक पूर्ण उदाहरण मांडून पाहू. सेनगाव तालुक्यातील पुसेगावच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर बसून गोळा फेकण्याची स्पर्धा आहे, असे धरू. तीन मुली आहेत. रेखा नावाची मुलगी अ वर्गात, म्हणजे मर्यादा कमी. सुनीता आणि मंगल ब वर्गात, मर्यादा जास्त. (मुली आणि आकडे दोन्ही समजावण्यासाठी घेतले आहेत.) अ वर्गासाठी b 3.00 आणि c 0.67, ब वर्गासाठी वरचेच 2.75 आणि 0.89. रेखाने 6.80 मीटर फेकले, सुनीताने 5.00 आणि मंगलने 4.70.

फितीवर रेखा पहिली, तीही जवळजवळ दोन मीटरने. गुण मात्र असे येतात: रेखाला 971, सुनीताला 999, मंगलला 945. सुनीता पहिली, रेखा दुसरी, मंगल तिसरी. रेखाच्या वडिलांना हे पटवायचे असेल, तर त्यांना एवढेच दाखवावे की, रेखाच्या वर्गात 999 गुणांशी बरोबरी करायला 7.01 मीटर लागतात आणि पुढे जायला 7.02. ती त्या अंतरापासून 22 सेंटिमीटर मागे राहिली. तिच्या फेकीची तुलना सुनीताच्या 5.00 मीटरशी न करता या 7.02 मीटरशी करायची आहे. प्रशिक्षकाने फेकी सुरू होण्याआधीच प्रत्येक वर्गासाठी असे समतुल्य अंतर कागदावर काढून ठेवले, तर खेळाडूला आपले लक्ष्य मीटरमध्ये कळते. ‘अजून बावीस सेंटिमीटर’ हे तिला समजते. ‘अजून 29 गुण’ यावरून खांद्याला किती जोर लावायचा, हे कळत नाही.

याच उदाहरणात चूक घालून बघू. तक्ता भरताना ब वर्गाच्या b मध्ये 2.75 ऐवजी 2.90 पडले, बाकी सगळे तसेच. सुनीताचे गुण 999 वरून 970 होतात. रेखाचे 971 आहेतच. एका गुणाने सुवर्ण रेखाकडे जाते. यात धोका असा की 970 हा आकडा कुठूनही चुकीचा दिसत नाही. चुरशीची लढत झाली, एका गुणाने निकाल लागला, असेच सगळ्यांना वाटेल. उलट चूक ढोबळ असती, म्हणजे सुनीताच्या फेकीला अ वर्गाचेच दोन्ही आकडे लावले असते, तर गुण 593 आले असते आणि कुणीतरी लगेच हात वर केला असता. छोटी चूक पकडायची असेल, तर एकच उपाय आहे: वर्गाचा ज्ञात विक्रम त्याच सूत्रात घालून पाहायचा. ब वर्गातील उत्तम फेकीला इतकी वर्षे जेवढे गुण मिळत आले, तेवढे आज मिळत नसतील, तर खेळाडूच्या फेकीकडे न पाहता तक्त्याकडे पाहायचे.

हे सगळे कल्पनेतले नाही. 2012 साली लंडनमध्ये महिलांच्या थाळीफेकीत एफ-35 आणि एफ-36 हे दोन वर्ग एकत्र होते. युक्रेनच्या मारिया पोमाझान यांनी 30.12 मीटर थाळी फेकली, चीनच्या वू चिंग यांनी 28.01 मीटर. दोन्ही फेकी आपापल्या वर्गात विश्वविक्रमी होत्या. सुवर्णपदक पोमाझान यांना दिले गेले, राष्ट्रगीतही झाले. त्यानंतर आयोजकांच्या लक्षात आले की, गुण काढताना चुकीची आकडेवारी वापरली गेली होती. नव्याने हिशेब केल्यावर वू चिंग पहिल्या आल्या आणि पोमाझान दुसऱ्या. पदक समारंभ पुन्हा घ्यावा लागला. युक्रेनने आक्षेप नोंदवला, पण सुधारलेला निकालच कायम राहिला.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत आणि दोन्हींची सहसा गल्लत होते. एक म्हणजे पोमाझान यांच्यावर अन्याय झाला तो गुणपद्धतीमुळे नव्हे, तर चुकीच्या आकड्यांमुळे. त्यांची फेक कोणी कमी मोजली नाही, नियमही बदलला नाही. सूत्रात जे घालायला हवे होते ते घातले गेले नाही, आणि ते पदक गळ्यात पडल्यावर उघड झाले. तक्त्याची तपासणी स्पर्धेच्या आधी झाली असती, तर त्या खेळाडूला ते सोसावे लागले नसते.

दुसरी गोष्ट अधिक खोलातली आहे. पोमाझान एफ-35 च्या आणि वू चिंग एफ-36 च्या. मेंदूच्या पक्षाघाताच्या वर्गांत आकडा लहान म्हणजे मर्यादा जास्त, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्या हिशेबाने एफ-35 ची खेळाडू लांब फेकूनही मागे कशी पडली? उत्तर वर्गांच्या व्याख्येत आहे. एफ-35 मध्ये ताठरपणा मुख्यतः पायांत असतो, हात त्या मानाने मोकळे असतात. एफ-36 मध्ये हालचालींवरचा ताबा सुटलेला असतो. हात आपोआप हलतात, तोल जातो, नेमक्या क्षणी थाळी सोडणे अवघड होते. उभे राहून धावायचे असेल तर एफ-36 ची खेळाडू वरचढ ठरू शकते, पण थाळीफेक बोटांच्या टोकांवर आणि सोडण्याच्या क्षणावर अवलंबून आहे. म्हणून या प्रकारात जगातल्या निकालांवरूनच एफ-36 साठी तितकेच गुण कमी अंतरावर मिळतात. वर्गाचा आकडा पाहून ‘ही जास्त दिव्यांग, ती कमी’ अशी क्रमवारी मनात लावणे किती फसवे असते, ते या एका अंतिम फेरीने दाखवले. गुणतक्ता मर्यादा मोजतच नाही. त्या मर्यादेसह त्या प्रकारात माणसे आजवर कुठवर पोहोचली, तेवढेच तो मोजतो.

आणि तिथेच त्याची सर्वांत मोठी मर्यादाही आहे. ज्या वर्गात नियमित फेकणाऱ्या मोजक्याच महिला आहेत, तिथे त्यांच्यापैकी एक असामान्य निघाली, तर तिच्या फेकी सगळी रेषा वर ओढतात. पुढच्या वेळी तक्ता सुधारला जातो, तेव्हा त्याच वर्गातील दुसरीला तेवढ्याच अंतराला कमी गुण मिळतात. तिची फेक बदललेली नसते, तिचे शरीर बदललेले नसते. तिच्या वर्गात एक मोठी खेळाडू आली, एवढेच झालेले असते. उलट ज्या वर्गात अजून फारसे चांगले खेळाडू आलेलेच नाहीत, तिथे मध्यम फेकीलाही भरघोस गुण मिळू शकतात. म्हणून तक्ता ठरावीक काळाने नव्याने काढावा लागतो, आणि म्हणूनच दोन वेगवेगळ्या वर्षांच्या गुणांची तुलना करताना दोन्हींचा तक्ता एकच होता का, हे पाहणे भाग असते. तीन वर्षांपूर्वीचे 950 आणि आजचे 950 यांची किंमत सारखी असेलच असे नाही. मीटर मात्र बदलत नाहीत. खेळाडूच्या वहीत गुणांच्या शेजारी अंतर लिहिलेच पाहिजे, ते यासाठी.

गुणकाच्याही आधीची पायरी म्हणजे वर्गीकरण. ती चुकली तर पुढचे सगळे गणित अचूक असूनही निकाल चुकीचा ठरतो. टोकियोत 2021 साली भारताचे विनोद कुमार यांनी एफ-52 वर्गात 19.91 मीटर थाळी फेकून कांस्य मिळवले. त्यांच्या वर्गावर आक्षेप आला, पुन्हा तपासणी झाली आणि दुसऱ्या दिवशी निकाल आला की, त्यांना त्या वर्गात बसवता येत नाही. पदक गेले. ती स्पर्धा एका वर्गाची होती, गुणकाचा प्रश्न नव्हता. पण एकत्र वर्गाच्या स्पर्धेत अशी चूक झाली तर खेळाडूला चुकीच्या ओळीतले b आणि c लागतात, आणि यादीतल्या सगळ्यांचेच क्रमांक सरकतात. वर्गीकरण समितीत डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट असतात आणि खेळाची तांत्रिक बाजू जाणणारेही असतात. स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, ताठरपणा, समन्वय हे सगळे तपासून, गरज पडल्यास स्पर्धेत खेळताना पाहून ते वर्ग ठरवतात.

जिल्ह्याच्या पातळीवर नेमके हेच नसते. हिंगोलीसारख्या 1999 साली परभणीतून वेगळ्या झालेल्या लहान जिल्ह्यात दिव्यांग विद्यार्थ्यांच्या स्पर्धा भरतात, तेव्हा मुले अस्थिव्यंग, कर्णबधिर, अंध अशा ढोबळ गटांत खेळतात. शाळेकडे असलेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र टक्केवारी सांगते. 40 टक्के, 60 टक्के, 75 टक्के. ही टक्केवारी सवलतींसाठी काढलेली असते. ती खेळाचा वर्ग सांगत नाही, आणि तिला गुणक समजून फेकीला गुणणे ही सर्वांत सहज होणारी आणि सर्वांत मोठी चूक आहे. एका पायाने पूर्ण अधू असलेल्या मुलाची टक्केवारी मोठी असते, पण बसून गोळा फेकताना त्याच्या खांद्याला आणि पाठीला काहीच अडथळा नसतो. दोन्ही हातांत सौम्य ताठरपणा असलेल्या मुलीची टक्केवारी लहान असेल, पण गोळा तिच्या हातातून हवा तसा सुटणार नाही. प्रमाणपत्राच्या टक्क्यांनी गुणले, तर त्या मुलीवर दुहेरी अन्याय होतो.

रझाचा अधिकृत तक्ताही तिथे तसाच लावता येत नाही. तो अधिकृत वर्ग मिळालेल्या प्रौढ खेळाडूंच्या फेकींवरून बनलेला आहे आणि त्या त्या वर्गाच्या ठरलेल्या वजनाच्या गोळ्यासाठी आहे. वर्गागणिक गोळ्याचे वजनही वेगळे असू शकते. शाळेत हाताला लागेल तो गोळा सगळ्यांना दिला, तर सूत्र बिनचूक असूनही त्यातून निघणारा आकडा निरर्थक ठरतो.

मग पुसेगावच्या क्रीडाशिक्षकाने तीन वेगळ्या मुलींची एक यादी लावायची असेल तर काय करावे? प्रामाणिक मार्ग दोन आहेत. पहिला, प्रत्येक मुलीची फेक तिच्या स्वतःच्या आधीच्या उत्तम फेकीच्या टक्क्यांत मोजायची. जिची जुनी उत्तम फेक 4.00 आणि आजची 4.40, तिला 110. जिची 6.50 वरून 6.80 झाली, तिला 104.6. यातून सुधारणेची क्रमवारी लागते, क्षमतेची नाही, आणि तसे फलकावर स्पष्ट लिहावे. या रीतीत एक पळवाट आहे: आधीच्या चाचणीत मुद्दाम कमी फेकणाऱ्याला फायदा होतो. म्हणून आधीची फेक दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन माणसांसमोर मोजलेली असावी. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक गटाच्या जिल्ह्यातील आजवरच्या उत्तम फेकीशी तुलना. त्यासाठी जिल्ह्याच्या नोंदी वर्षानुवर्षे जपाव्या लागतात: अंतर, गोळ्याचे वजन, उभी की बसून, खुर्चीची उंची. पाच-सात वर्षांच्या अशा नोंदी साठल्या, की जिल्ह्याला स्वतःचा साधा गुणक काढता येतो. जागतिक संघटनेनेही तक्ता याच वाटेने तयार केला आहे. फरक आहे तो नोंदींच्या संख्येचा.

जी मुलगी यातून पुढे जाईल, तिला राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेत वर्ग मिळेल आणि गुणांच्या यादीत तिचे नाव लागेल. त्या दिवशी तिच्यासोबत असणाऱ्या शिक्षकाने किंवा पालकाने निकालपत्रकावर पाच रकाने पाहावेत: वर्ग, गोळ्याचे वजन, अंतर, गुण आणि तक्ता कोणत्या वर्षाचा. मोबाइलच्या गणकयंत्रावर तिच्या वर्गाचे b आणि c घालून गुण स्वतः काढून पाहावेत. दोन मिनिटांचे काम आहे. जुळले नाहीत, तर आक्षेपाची मुदत निकाल जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांची असते. पुढील प्रकरणांत वर्गीकरणाच्या चाचण्या, बसून फेकण्याच्या खुर्चीची मापे आणि सूत्राची आणखी सोडवलेली उदाहरणे त्याच क्रमाने येतात.